फोटो मागताना, फोटो लावताना

अगं, पाडव्याची पार्सलं गेली, आता पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गिऱ्हाइकांचे फोटो यायला लागतील. त्याआधी हे बोलून घेऊ. मॉडेलला नेसवून काढलेल्या फोटोंपेक्षा बायकांनी स्वतः पाठवलेल्या फोटोंवर जास्त चौकशा येतात, असं तू म्हणालीस. येणारच. इरकल घेणाऱ्या बाईला बघायचं असतं की आपल्यासारख्या अंगानं भरलेल्या बाईला निऱ्या किती पडतात, पदराचा लाल घरातल्या उजेडात भडक तर दिसत नाही ना, आणि खणाचं ब्लाउज शिवल्यावर काठ दंडावर सरळ बसतो का. स्टुडिओतला फोटो यातलं काहीच सांगत नाही. तेव्हा असे फोटो मिळवायचेच. पण कसे मागायचे आणि आले की काय करायचं, हे आज नीट ऐकून घे.

आधी मागण्याचं. पार्सल पोचलं की लगेच "फोटो पाठवा हं" असा मेसेज तू टाकतेस, तिथेच गडबड होते. त्या दिवशी तिच्याकडे फोटो काढण्यासारखं काय असतं? घडी घातलेली साडी आणि कुरियरची पिशवी. साडी नेसली जाते ती कार्याला. म्हणून ऑर्डर घेतानाच सहज विचार, "कशासाठी घेताय ताई?" मंगळागौर, मुंज, भाचीचं लग्न, जे सांगेल ते आणि त्याची तारीख ऑर्डरच्या वहीत लिहून ठेव. कार्य झाल्यावर दोन-तीन दिवसांनी मेसेज कर. पाहुणे गेलेले असतात, फोटो मोबाइलमध्ये आलेले असतात आणि ती स्वतःच ते परत परत बघत असते. उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर. त्यानंतर नाही. साडी आपण विकली आहे, तिचा वेळ विकत घेतलेला नाही.

आणि नुसता "फोटो पाठवा" म्हणू नकोस. तसं म्हटलं की बायकांना वाटतं, आपण मॉडेलसारखं उभं राहायला हवं, आणि त्या राहूनच जातात. नेमकं माग. "पदर खांद्यावर कसा बसला ते मागून एकदा दाखवाल का?" किंवा "ब्लाउजच्या बाहीवर काठ कसा लावून घेतलात?" असं विचारलं की बाई हौसेनं पाठवते, कारण त्यात तिची निवड आहे, तिच्या शिंप्याचं कौतुक आहे. खणाबाबत आणखी एक सांग तिला. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून कापड हललं की रंग बदलल्यासारखा दिसतो. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न टाकता काढलेला फोटो खरा येतो. फ्लॅशनं वरची चमक तेवढी उठते आणि मग पुढची गिऱ्हाइकं "फोटोत मोरपंखी होता, आला तो निळा" म्हणून खण परत पाठवतात.

चेहरा न दाखवता फोटो चालेल, हेही तूच आधी सांगायचं, तिनं विचारायची वाट बघायची नाही. आपल्याकडे कितीतरी बायकांना साडी दाखवायची हौस असते, पण चेहरा अनोळखी लोकांसमोर जायला नको असतो. कुणाच्या घरी चालत नाही, कुणी शाळेत शिकवते, कुणाला आधी कधी फोटोचा त्रास झालेला असतो. कारण विचारू नकोस. गळ्यापासून खालचा फोटो, पाठमोरा फोटो, झोपाळ्यावर पसरलेल्या निऱ्या, एवढ्यानं आपलं काम होतं. उलट कापड जवळून दिसतं.

आता परवानगीचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नुकसान होतं ते इथेच.

बाईनं व्हॉट्सॲपवर तुला फोटो पाठवला तो तुला दाखवायला. इन्स्टाग्रामवर तुला टॅग केलं ते तिच्या ओळखीच्यांना साडी कुठून घेतली हे कळावं म्हणून. यातलं काहीही तुझ्या पानावर, कॅटलॉगमध्ये किंवा जाहिरातीत फोटो वापरण्याची परवानगी नाही. स्टोरीत टॅग केलं असेल तर इन्स्टाग्रामच ती आपल्या स्टोरीत लावायची सोय देतं. ती चोवीस तासांनी जाते, तिच्या नावासकट जाते, आणि टॅग करणाऱ्या बहुतेकींना ते अपेक्षित असतं. तरी "लावू ना?" एवढं विचारावंच. पण तीच स्टोरी हायलाइटमध्ये ठेवलीस, की ती वर्षानुवर्षं दिसत राहणार. तिथे नीट परवानगी हवी. आणि काही जण पानावर लिहून ठेवतात ना, "आम्हाला टॅग केल्यास फोटो वापरण्यास संमती आहे असे समजले जाईल", ते तू लिहू नकोस. जी ओळ तिनं वाचलीच नाही, तिच्यावरून तिची संमती गृहीत धरता येत नाही. गप्प राहणं म्हणजेही हो नाही.

कायद्यानं दोन वेगवेगळी माणसं बघायची असतात. एक, फोटोत जी दिसते ती. दुसरी, फोटो ज्यानं काढला तो. आपण पहिलीला विचारतो आणि दुसऱ्याला विसरतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. मोबाइलवर नणंदेनं काढला असेल तर हक्क नणंदेचा, जिचा फोटो आहे तिचा नाही. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतला असेल, तर वेगळं काही ठरलेलं नसताना हक्क फोटो काढून घेणाऱ्याचा. पण बरेच फोटोग्राफर करारात हक्क स्वतःकडे ठेवतात, म्हणून विचारावं लागतं. घाबरू नकोस, यासाठी वकील लागत नाही. "फोटो कुणी काढला?" हा एक प्रश्न लागतो.

त्याच कायद्यात आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे. वापराची परवानगी लेखी हवी, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, ठिकाण लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरती. तुझ्या साड्या आता दुबईला आणि अमेरिकेला जातात, तिथल्या बायकांसाठी जाहिरात करणार असशील तर ते परवानगीत आलेलं बरं. आणि मुदत आपणच लिहावी. मी दोन वर्षं लिहिते. तोवर त्या साडीचे रंग बदललेले असतात आणि बाईलाही जुना फोटो नकोसा झालेला असतो.

मेसेज कसा लिहायचा ते देते. हाच जसाच्या तसा वापर, फक्त गिऱ्हाइकाप्रमाणे शब्द बदल.

"ताई, फोटो फार सुंदर आलाय, पदर काय शोभतोय तुम्हाला! तुमची हरकत नसेल तर हा फोटो आमच्या इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्ये दोन वर्षांपर्यंत लावू का? जाहिरातीसाठी वापरायचा झाला तर वेगळं विचारेन. चेहरा दाखवू की फक्त साडी? नाव लिहू का, आणि लिहायचं तर कसं? फोटो कुणी काढलाय तेही सांगा, म्हणजे त्यांनाही विचारता येईल. नको असेल तर अगदी मोकळेपणानं नको म्हणा. पुढे कधीही काढून टाकावासा वाटला तर एक मेसेज करा, मी काढून टाकेन."

हे एका दमात लांब वाटतं, पण यातलं प्रत्येक वाक्य पुढचं एकेक भांडण वाचवतं. कुठे लावणार, किती दिवस, चेहरा, नाव, काढणारा, आणि नकोसं झालं तर काय. हा मेसेज खाजगीत पाठवायचा, तिच्या पोस्टखाली कमेंटमध्ये नाही. कमेंटमध्ये विचारलं की चारचौघांत तिला नको म्हणता येत नाही, आणि अडचणीतून आलेला होकार काय कामाचा? उत्तरात नुसता अंगठा आला तर मी परत विचारते, "म्हणजे इन्स्टा आणि कॅटलॉग दोन्हीकडे चालेल ना?" ती "हो, चालेल, चेहरा नको" असं लिहिते, आणि ते लिहिलेलं माझ्याकडे राहतं.

एक उदाहरण सांगते, त्यातून सगळं कळेल. ठाण्याच्या एका ताईंनी डोहाळेजेवणासाठी माझ्याकडून हिरवी इरकल घेतली होती. कार्य झाल्यावर फोटो आला. फुलांचे दागिने, झोपाळा, हिरव्या अंगावर तो लाल पदर, शेजारी मोठी जाऊ उभी आणि मांडीशी टेकलेली सहा-सात वर्षांची पुतणी. इतका सुरेख फोटो मला त्या मोसमात दुसरा आला नव्हता.

आता बघ, एका फोटोत किती जणांना विचारायचं होतं. फोटो चांगल्या कॅमेऱ्याचा दिसत होता म्हणून मी विचारलं, तर फोटोग्राफर बोलावला होता आणि पैसे सासूबाईंनी दिले होते. म्हणजे एक तर सासूबाई, नाहीतर फोटोग्राफर. ताईंनी फोटोग्राफरचा नंबर दिला. तो म्हणाला, माझं नाव टाका आणि खुशाल लावा. नाव टाकण्याचा त्याचा हक्कच असतो आणि टाकायला आपल्याला काही लागत नाही. जाऊबाईंना ताईंनी विचारलं, त्यांनी नको म्हटलं. पुतणीचं तर मी ताईंनाही विचारू शकत नव्हते, तिच्या आई-वडिलांचा होकार हवा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत 2023 चा विदा संरक्षण कायदाही पालकांचीच संमती मागतो. मी स्वतः मात्र गिऱ्हाइकांच्या लहान मुलांचे चेहरे लावतच नाही, आई-वडील हो म्हणाले तरी. साडी दाखवायला मुलाचा चेहरा लागत नाही.

राहिल्या स्वतः ताई. त्या लगेच हो म्हणाल्या होत्या. पण मी विचारलं, "ऑफिसमध्ये सगळ्यांना माहीत आहे का?" डोहाळेजेवणाला घरचे आणि शेजारचे असतात. इन्स्टाग्रामवर कोण कोण बघेल ते सांगता येत नाही. त्या थांबल्या, म्हणाल्या, नाही, अजून सांगितलेलं नाही. गरोदरपण, आजारपण, घरातलं कार्य, नव्या घराचा पत्ता, या गोष्टी फोटोतून आपोआप कळतात आणि फोटो देणाऱ्या बाईच्या ते त्या क्षणी लक्षात येत नाही. ते लक्षात आणून देणं आपलं काम. तिच्या होकाराचा फायदा आपल्याला होणार असतो, मग त्याची किंमत तिला पूर्ण कळलेली असावी.

शेवटी असं ठरलं की फोटोचा खालचा भाग तेवढा कापून घ्यायचा, निऱ्या, काठ आणि झोपाळ्याची कडी. कापायचं हेही फोटोग्राफरला विचारलं, त्याच्या कामात आपण हात घालत होतो म्हणून. आणि ताईंचा चेहरा असलेला फोटो बारशानंतर परत विचारून लावायचा. बारसं झाल्यावर मी विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतःच बाळ झोपलेलं असताना काढलेला, बाळ न दिसणारा दुसरा फोटो पाठवला. तो अजून कॅटलॉगमध्ये आहे.

हे सगळं डोक्यात राहत नाही, म्हणून वही. मोबाइलमधली शीट केलीस तरी चालेल. फोटोचा क्रमांक, कोणाचा, कुणी काढला, कशाला हो म्हणाल्या, कधीपर्यंत, आणि कुठे कुठे लावला. या शेवटच्या रकान्यात बायका आळस करतात आणि नेमका तोच उपयोगी पडतो. गिऱ्हाइकानं "काढून टाका" म्हटलं की पोस्ट, हायलाइट, कॅटलॉग, वेबसाइट, सगळीकडून त्याच दिवशी काढायचा असतो, आणि कुठे आहे हे लिहिलेलं नसेल तर एक जागा हमखास राहून जाते. होकार देणं जितकं सोपं होतं तितकंच मागे घेणं सोपं हवं, 2023 च्या त्या कायद्याचं तत्त्वही हेच आहे. संमतीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून त्याला तोच क्रमांक दे. फोन बदलला की चॅट जाऊ शकतात.

काही गोष्टी परत घेता येत नाहीत, त्या आधीच सांगाव्या. दुसऱ्या कुणी फोटो पुढे पाठवला असेल तर तो आपल्या हातात नाही. प्रदर्शनासाठी बॅनर किंवा माहितीपत्रक छापलं असेल तर तेही परत येत नाही. म्हणून छपाईसाठी वेगळी परवानगी घे आणि "छापल्यावर काढता येणार नाही" हे स्पष्ट लिही. छपाईचा फोटोही वेगळा लागतो. ए4 पानावर नीट उमटायला साधारण 2480 गुणिले 3508 पिक्सेल हवेत, आणि व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. तो मोठा केला की काठाची वीण पुसट होते, चौकटी दिसतात. तेव्हा "डॉक्युमेंट म्हणून पाठवाल का?" असं विचार. मात्र तशा आलेल्या मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याची जागाही दडलेली असू शकते, बहुतेक वेळा तिच्या घराची. वेबसाइटवर चढवण्याआधी मोबाइलच्या गॅलरीत फोटोची माहिती उघडून ते ठिकाण काढून टाक.

फोटोवर रंगाचे फिल्टर लावू नकोस. थोडा उजेड वाढवणं वेगळं, पण बाईचा रंग उजळ करणं किंवा कंबर बारीक करणं मला अजिबात पटत नाही. तिनं स्वतःचा फोटो दिलाय, तो बदलून लावायला दिलेला नाही. साडीचा रंग बदलला तर परत येणाऱ्या साड्या तुलाच सांभाळायच्या आहेत.

भेटवस्तूचं तू विचारलंस. फोटो पाठवणारीला पुढच्या खरेदीवर सूट दिलीस तर चालेल, पण ती फोटोसाठी दे, चांगलं बोलण्यासाठी नाही. "चांगला रिव्ह्यू दिलात तर शंभर रुपये कमी" हे कधीही करू नकोस. गूगलवर तर रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं त्यांच्या नियमांतच बसत नाही. आणि सूट किंवा ब्लाउजपीस मिळालं म्हणून बाई स्वतःच्या पानावर तुझ्या साडीबद्दल लिहिणार असेल, तर तिला सांग की भेट मिळाली आहे हे पोस्टमध्ये सहज दिसेल असं लिहा. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे एएससीआयचे, 2021 पासूनचे नियम तसेच आहेत. वाचणारीलाही ते कळायला हवं.

जाहिरातीसाठी फोटो हवा असेल, म्हणजे पैसे भरून अनोळखी लोकांपर्यंत जाणारी जाहिरात, तर बाईला मोबदला दे. तिचा चेहरा तुझा माल विकतोय. आपल्या पानावर आपली माणसं येतात, जाहिरातीखाली कोणीही येऊन काहीही लिहितं. तेव्हा खालच्या कमेंट रोज बघायच्या आणि वाईट लिहिलेलं लगेच उडवायचं, हीही तुझीच जबाबदारी. ते जमणार नसेल तर जाहिरातीत गळ्यापासून खालचाच फोटो वापर.

पार्सलमध्ये टाकायला एक छोटं कार्डही करून घे. मोठ्या अक्षरांत, मराठीत. "साडी नेसलात की फोटो जरूर पाठवा. तुम्हाला विचारल्याशिवाय तो कुठेही लावणार नाही." या दुसऱ्या ओळीमुळे फोटो वाढतात, हे मी पाहिलं आहे. ज्या बायका धास्तीनं पाठवत नव्हत्या त्या पाठवायला लागतात, आणि मग त्यातल्या बऱ्याच लावायलाही देतात.

आणि आता तुझ्या फोनमधले जुने फोटो. जे आधीच पानावर लावलेले आहेत, त्यांच्यापासून सुरुवात कर. एकेकीला तोच मेसेज पाठव, फक्त पहिलं वाक्य बदल, "ताई, तुमचा फोटो आमच्या पानावर आहे, तो तसाच ठेवू ना?" ज्या हो म्हणतील त्यांची वहीत नोंद कर. ज्या नको म्हणतील त्यांचा त्याच दिवशी काढ. आठवड्यात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, आणि तरीही नाही आलं तर तो फोटो पानावरून उतरव. लहान मुलं दिसतायत ते मात्र विचारत बसू नकोस, आज रात्रीच काढून टाक. उद्या दुपारी मी मोकळी आहे, वही घेऊन ये, रकाने बसून आखू.